एका सी-टाइप डॉकवर दोन मॉनिटर: ३० हर्ट्झचं कोडं

प्रश्न: माझा लॅपटॉप पातळ आहे, विंडोज ११, दोन सी-टाइप पोर्ट, एचडीएमआय नाही, थंडरबोल्टही नाही. नाशिकमधूनच दोन एचडीएमआयवाला डॉक घेतला. २४ इंची फुल एचडी आणि २७ इंची क्यूएचडी असे दोन मॉनिटर लावले. दोन्ही सुरू होतात, पण मोठ्यावर माउस अडखळत चालतो आणि सेटिंगमध्ये ३० हर्ट्झच दिसतं. डॉक खराब निघाला का? थंडरबोल्टचा घ्यावा का?

उत्तर:

डॉक बहुतेक चांगला आहे, आणि थंडरबोल्टचा डॉक सध्या अजिबात घेऊ नका. आधी एक छोटी चाचणी करा.

Settings → System → Display → Advanced display उघडा. वर मॉनिटर निवडायची यादी असते, तिथे २७ इंची निवडा आणि खाली Choose a refresh rate मध्ये काय आहे ते बघा. आता २४ इंचीची एचडीएमआय वायर डॉकमधून काढा आणि परत त्याच पानावर बघा. मोठ्या मॉनिटरसमोर आता ६० हर्ट्झचा पर्याय आला, तर दोष कुठल्याच वस्तूत नाही. दोन चित्रं मिळून जेवढी माहिती पाठवावी लागते, तेवढी जागा त्या एका वायरमध्ये नाही, एवढंच. छोटा मॉनिटर काढूनही ३० च राहिलं, तर मात्र डॉकचं ते एचडीएमआय पोर्ट किंवा ती वायर तपासावी लागेल. दोन्ही मॉनिटरच्या वायरी डॉकवर आपसात बदलून बघा, लगेच कळेल.

गंगापूर रोड आणि अंबड भागातल्या छोट्या ऑफिसांमध्ये मी अशी बरीच टेबलं लावून दिली आहेत. एक फुल एचडी आणि एक क्यूएचडी या जोडीवर हाच त्रास वारंवार दिसतो. दोन्ही फुल एचडी असतील तर तोच डॉक बिनतक्रार चालतो, त्यामुळे दुकानदारही खात्रीने ‘चालतं’ म्हणतो, आणि त्याच्या अनुभवापुरतं ते खरंही असतं. फरक कुठे पडतो ते नीट सांगतो, कारण एकदा हा हिशोब कळला की पुढचा डॉक खोका वाचूनच निवडता येतो.

सी-टाइप वायरीत वेगवान माहितीच्या चार लेन असतात. चौपदरी रस्ताच समजा. लॅपटॉपकडून मॉनिटरचं चित्र डिस्प्लेपोर्टच्या सिग्नलच्या रूपात याच लेनमधून जातं. पण डॉकला पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, लॅन हेही वेगात चालवायचं असतं, म्हणून बहुतेक डॉक दोन लेन यूएसबीला देतात आणि चित्रासाठी उरतात दोन. आता त्या दोन लेनमधून किती जाईल, हे डिस्प्लेपोर्टच्या आवृत्तीवर ठरतं. १.२ असेल तर दोन लेन मिळून सेकंदाला सुमारे ८.६ गिगाबिट चित्र जातं. १.४ च्या वरच्या वेगात तेच सुमारे १३ होतं. लॅपटॉप १.४ चा आणि डॉक १.२ चा, किंवा उलट असेल, तर जो कमी त्याचाच वेग लागू होतो.

आता तुमची जोडी मांडू. फुल एचडी ६० हर्ट्झवर चालवायला साधारण ३.३ गिगाबिट लागतात. क्यूएचडी ६० हर्ट्झला ५.८. बेरीज ९.१. वायरीत जागा ८.६. थोडक्यासाठी बसत नाही! विंडोज अशा वेळी एखादा मॉनिटर बंद ठेवण्यापेक्षा एकाचा वेग खाली आणतं. मोठा ३० हर्ट्झवर आला की त्याची गरज निम्म्यावर येते आणि दोन्ही चित्रं बसतात. तुमच्या मोठ्या स्क्रीनवर खिडकी वरच्या पट्टीला धरून डावीकडून उजवीकडे ओढा. ती सरकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारत जाताना दिसेल. ३० हर्ट्झची हीच खूण. दिवसभर एक्सेल खालीवर करणाऱ्याचे डोळे यानं खरंच दुखतात, त्यामुळे ‘चालतंय ना’ म्हणून सोडून देऊ नका. क्यूएचडी मॉनिटर १९२० × १०८० वर आणूनही हिशोब बसतो, पण २७ इंचावर अक्षरं इतकी पुसट दिसतात की तो मॉनिटर घेण्यात अर्थच उरत नाही.

उपाय तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे. तुमच्याकडे सी-टाइप पोर्ट दोन आहेत. दोन्हीतून चित्र निघत असेल, तर दोन्ही मॉनिटर एकाच डॉकवर लादायची गरजच नाही. प्रत्येक पोर्टच्या लेन वेगळ्या असतात. डॉक एका पोर्टला ठेवा आणि त्यावर फक्त फुल एचडी चालू द्या. क्यूएचडी दुसऱ्या पोर्टला थेट जोडा. नेहमीच्या लॅपटॉपची आतली ग्राफिक्स स्वतःचा स्क्रीन धरून तीन चित्रं सांभाळते, त्यामुळे तिकडून अडचण येऊ नये.

दुसऱ्या पोर्टमधून चित्र निघतं का, हे वायर विकत घेण्याआधी बघून घ्या. डॉक आहे तसाच उचलून त्या पोर्टला लावा, मॉनिटर एकच ठेवा. चित्र आलं तर झालं काम. काही लॅपटॉपमध्ये एक पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचं असतं आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण, म्हणजे डी या अक्षरात बसवलेला पी, छापलेली असेल तर उत्तम. पण पुष्कळ कंपन्या ती छापतच नाहीत, म्हणून लावून बघणं हाच खरा मार्ग.

वायर घेताना ‘सी-टाइप ते डिस्प्लेपोर्ट’ अशी मागा आणि सी-टाइपचं टोक लॅपटॉपला लागणार हे दुकानात स्पष्ट सांगा. अशा बऱ्याच वायरी एकाच दिशेने चालतात. उलट दिशेची घेतली तर प्लग बरोबर बसतो आणि स्क्रीन काळाच राहतो. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नसेल तर सी-टाइप ते एचडीएमआय घ्या, ज्यावर ४के ६० हर्ट्झ लिहिलंय अशी. आणि तुमच्या क्यूएचडी मॉनिटरला स्वतःचं सी-टाइप इनपुट असेल तर आणखी सोपं. मात्र फोनच्या चार्जरची वायर वापरू नका. तिच्यात या वेगवान लेन सहसा नसतातच, चार्जिंग होईल पण चित्र येणार नाही.

आता दोन्ही पोर्ट गुंतले, मग चार्जर कुठे? तो डॉकच्या चार्जिंगच्या पोर्टला लावायचा, तिथून वीज लॅपटॉपपर्यंत जाते. यात डॉक स्वतःसाठी काही वॅट ठेवून घेतो. ६५ वॅटच्या चार्जरमागे लॅपटॉपला ५० च्या आसपास मिळाले तर नवल नाही. लिहिणं-वाचणं, अकाउंटिंग, व्हिडिओ कॉल याला ते पुरतं. दिवसभर जड काम असेल आणि चार्जर लावूनही बॅटरी हळूहळू उतरताना दिसली, तर १०० वॅटचा चार्जर घ्या. पण तुमचा डॉक १०० वॅट घेतो का ते त्याच्यावर वाचून मगच.

दुसऱ्या पोर्टमधून चित्र निघतच नसेल, तर मात्र डॉक बदलावा लागेल, आणि तोही लॅपटॉपची स्पेसिफिकेशन बघून. निर्मात्याच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर सी-टाइपसमोर DisplayPort 1.4 लिहिलेलं असेल तरच चित्राला दोन लेन देणाऱ्या नव्या डॉकचा उपयोग. डॉकच्या खोक्यावर सहसा लेनबद्दल काही लिहिलेलं नसतं, पण एका ओळीवरून ते ओळखता येतं. एका मॉनिटरसाठी जास्तीत जास्त ‘४के ३० हर्ट्झ’ लिहिलं असेल, तर तो बहुतेक तुमच्यासारखाच ८.६ वाला डॉक. ‘४के ६० हर्ट्झ’ आणि त्याच खोक्यावर यूएसबी पोर्टचा वेग ५ किंवा १० गिगाबिट लिहिला असेल, तर तो १३ वाला. ४के ६० ला सुमारे १२.८ गिगाबिट लागतात, आणि दोन लेनमध्ये ते १.४ शिवाय बसतच नाहीत. तुमचे ९.१ त्यात आरामात बसतील. ४के ६० लिहिलंय पण यूएसबीचा वेग ४८० मेगाबिट आहे, असे डॉक चारही लेन चित्राला देतात. कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर एवढंच लावणार असाल तर तेही तुम्हाला चालतील. हार्डडिस्कवर मोठा बॅकअप घेणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

थंडरबोल्ट डॉकचं असं आहे की तो पूर्ण वेगाने चालायला लॅपटॉपचं पोर्टही त्या तोडीचं लागतं. साध्या सी-टाइप पोर्टला लावला तर नवे डॉक मुकाट्याने याच डिस्प्लेपोर्टच्या लेनवर येतात, म्हणजे कित्येक पट पैसे मोजून परत तीच मर्यादा. जुने काही तर अशा लॅपटॉपवर चालूच होत नाहीत.

दुकानात कोणी डिस्प्लेलिंकचा डॉक सुचवेल. तो वेगळ्या पद्धतीचा: चित्र दाबून यूएसबीच्या डेटातून पाठवतो, म्हणून लेनचा हा हिशोब त्याला लागत नाही. पण ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर भार येतो, आणि संरक्षित व्हिडिओ त्या मॉनिटरवर काळे दिसू शकतात. एम१ किंवा एम२ मॅकबुक एअरवाल्याला दोन स्वतंत्र स्क्रीन हवे असतील तर मी तोच सांगतो, कारण ते लॅपटॉप स्वतःहून एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. तुम्हाला त्याची गरज नाही.

लाईटचंही बघून ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट येते-जाते. चार्जर डॉकमधून जात असेल तर लाईट गेल्याक्षणी लॅपटॉप आता डॉकलाच वीज पुरवू लागतो, आणि या अदलाबदलीत बरेच साधे डॉक क्षणभर बंद होऊन परत सुरू होतात. त्या क्षणात डॉकला लावलेल्या हार्डडिस्कचा संपर्क तुटतो, लॅन जातं. घरी इन्व्हर्टर असला तरी तो पलटी मारताना हे होऊ शकतं. म्हणून दोन्ही मॉनिटर आणि डॉकचा चार्जर एका कॉम्प्युटर यूपीएसवर घ्या, आणि बॅकअपची हार्डडिस्क डॉकला कायमची लावून ठेवू नका.