डिडक्टिबल दोनदा का कापलं?

प्रश्न: वडिलांना पॅन्क्रियाटायटिस झाला. ४ मार्चला डिस्चार्ज, बिल ३ लाख ४०. परत २८ एप्रिलला अ‍ॅडमिट, बिल २ लाख ९०. बेस पॉलिसीने ५ लाख दिले. टॉप-अपवाले म्हणतात दोन्ही क्लेम डिडक्टिबलच्या (५ लाख) खाली आहेत, म्हणून शून्य. चार वर्षं प्रीमियम भरतोय, तो तरी यात धरायला नको का?

उत्तर: नाही धरत. प्रीमियम म्हणजे पॉलिसी चालू ठेवायचे पैसे, क्लेम होवो न होवो ते गेलेच. डिडक्टिबल म्हणजे क्लेम आल्यावर बिलाचा जो पहिला भाग कंपनी देत नाही तो, मग तो तुम्ही खिशातून भरा नाहीतर बेस पॉलिसीतून. एवढं डिडक्टिबल घेतलंत म्हणूनच प्रीमियम स्वस्त पडला, पण हे पॉलिसी घेताना बघायचं असतं हो, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबून नाही.

आता मुद्द्याचं. तुमची साधी टॉप-अप दिसतेय, म्हणजे डिडक्टिबल दर क्लेमला वेगळं. सुपर टॉप-अप असती तर वर्षभराची बिलं एकत्र धरली असती आणि वाद झालाच नसता. पण पॉलिसीत 'एनी वन इलनेस'ची व्याख्या काढून वाचा. ज्या हॉस्पिटलात उपचार झाले तिथल्या शेवटच्या कन्सल्टेशनपासून ४५ दिवसांत तोच आजार उलटला तर तो एकच आजार, असं त्यात सहसा असतं. कंपनीने बहुतेक डिस्चार्जपासून मोजलंय, ते होतात ५५ दिवस. पण तुम्ही पाठवलेल्या कागदांत त्याच हॉस्पिटलचा २० मार्चचा ओपीडी पेपर आहे, तिथून २८ एप्रिलपर्यंत ३९ दिवसच होतात. तुमच्या पॉलिसीत डिडक्टिबल या व्याख्येला जोडलेलं असेल तर बिल धरायचं ६ लाख ३०, त्यातून ५ लाख वजा, उरले १ लाख ३० हजार. त्यातून नॉन-मेडिकल खर्च वगैरे थोडं कापतील, नेमका आकडा आत्ता नाही सांगता येणार.

हा पेपर क्लेमला लावलाच नव्हता का? फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी इथे चालणार नाही, हॉस्पिटलचाच कागद लागतो. आणि दुसऱ्या डिस्चार्ज कार्डावर निदान वेगळं असेल, किंवा मध्ये पॉलिसी रिन्यू झाली असेल, तर केस बरीच लंगडी होते, ते आधी तपासा.

नंतर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लेखी तक्रार करा, दोन्ही डिस्चार्ज कार्डं आणि ओपीडी पेपर जोडून, आणि पोच घ्या. फोनवर बोललेलं धरत नाहीत. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा परत नकार आला तर तिथून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे खरी, पण तिथल्या तारखा बघता एवढ्या रकमेसाठी मी आधी लोकपालच सुचवेन.