जमलेल्या क्षेत्रफळातून उंची कशी निघते?

A(x) म्हणजे ० पासून x पर्यंत f च्या वक्राखाली जमलेलं क्षेत्रफळ, आणि f(x) म्हणजे x पाशी त्या वक्राची उंची. त्याचा डेरिव्हेटिव्ह घेतला की f(x) मिळतं म्हणे. क्षेत्रफळातून उंची कशी बाहेर पडते?

डेरिव्हेटिव्हला आतापर्यंतच्या साठ्याशी काही देणंघेणं नसतं. x जरासा सरकला तर नवीन किती जमलं, एवढंच तो विचारतो. f(t) = t² घेऊ आणि x = २ पाशी थांबू. x २ वरून २.१ वर नेला की उजव्या कडेला ०.१ रुंदीची उभी पट्टी वाढते. तिची डावी बाजू ४ उंच, उजवी ४.४१. म्हणजे पट्टीचं क्षेत्रफळ ०.४ आणि ०.४४१ यांच्या मधलं. रुंदीने भागलं की उत्तर ४ आणि ४.४१ यांच्यात अडकतं. रुंदी ०.०१ केली तर ४ आणि ४.०४०१ यांच्यात. खालची भिंत ४ वर ठाम आहे, वरची तिच्याकडे सरकते आहे. मधल्या उत्तराला ४ शिवाय जागाच उरत नाही. आणि ४ म्हणजेच f(२).

पण पट्टीचं टोक तिरकं असतं. वरचा त्रिकोणी तुकडा सोडून देणं ही चलाखी नाही का?

शंका रास्त आहे. मात्र तो तुकडा आपण सोडत नाही, त्यालाही रुंदीने भागतो. रुंदी ०.१ असताना तो सुमारे ०.०२०३ भरतो, ०.०१ असताना सुमारे ०.०००२. रुंदी दहापट घटली, तुकडा जवळजवळ शंभरपट, कारण त्याची रुंदी आणि उंची दोन्ही आटतात. भागल्यावर आधी ०.२०३ उरतं, मग ०.०२, आणि पुढे ते शून्याकडे जातं. वक्र पट्टीतच वर-खाली होत असेल, तर दोन कडांऐवजी पट्टीतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची घ्यायची. बाकी युक्तिवाद तोच.

० ऐवजी १ पासून मोजलं तर?

काही बिघडत नाही. सगळ्या A(x) मधून तेवढाच ठरावीक भाग वजा होतो, वाढलेली पट्टी तीच राहते.

कुठलंही फंक्शन चालेल?

नाही. वरची भिंत खाली आली ती पट्टीतल्या सगळ्या उंची f(२) च्या जवळ आल्या म्हणून, आणि त्यासाठी f तिथे संतत हवं. समजा २ च्या आधी f = १ आहे आणि २ पासून पुढे ३. उजवीकडे ०.१ सरकलं तर ०.३ जमतं, दर ३. डावीकडच्या तेवढ्याच पट्टीत ०.१ होतं, दर १. रुंदी कितीही कमी करा, हे दोन दर जुळत नाहीत. A चा आलेख तुटत नाही, पण २ वर त्याला कोपरा येतो आणि तिथे डेरिव्हेटिव्हच नसतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे सगळीकडे f = १ आणि फक्त f(२) = ५. एका बिंदूवरच्या रेषेला रुंदी नाही, त्यामुळे क्षेत्रफळाला तिचा पत्ताच लागत नाही. इथे A चा डेरिव्हेटिव्ह २ पाशी व्यवस्थित निघतो, पण तो १ येतो, ५ नव्हे.