आधी बाटलीवरचं वाचून सांगा, मग डोस

प्रश्न: बाळाला ताप पॅरासिटामॉल 5 देते 10 किलो आहे सकाळपासून 2 दा झालं झाकणाने, उतरत नाही डबल देऊ का लवकर सांगा

ताई, डबल देऊ नका. पुढचा डोसही आत्ताच देऊ नका. आधी बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरांत 'Each 5 ml contains' किंवा 'Each ml contains' असं जिथे छापलंय, त्यापुढचा आकडा इथे लिहा. मागचा डोस किती वाजता दिला आणि बाळ किती महिन्यांचं आहे, तेही लिहा. तोवर मी काय, इथला कुणीच तुम्हाला बरोबर डोस सांगू शकत नाही. खाली ज्यांनी 'द्या हो, काही होत नाही' लिहिलंय, त्यांनी बाटली पाहिलेली नाही.

आपल्याकडे दुकानात लहान मुलांचं पॅरासिटामॉल साधारण तीन प्रकारचं असतं. छोट्या बाटलीतले ड्रॉप्स, ज्यात बहुधा 1 मिलीमध्ये 100 मिग्रॅ औषध असतं. साधं सिरप, 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिग्रॅ. आणि 250 चं सिरप, म्हणजे 5 मिलीमध्ये 250 मिग्रॅ. तिन्हींवर एकाच कंपनीचं, एकच नाव असू शकतं, रंगही जवळजवळ तोच. डोस मात्र मुलाच्या वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ. तुमच्या 10 किलोच्या बाळाला एका वेळी 100 ते 150 मिग्रॅ.

आता तुमचे 'पाच' या तिन्ही बाटल्यांना लावून बघा. साध्या सिरपचे 5 मिली असतील तर 120 मिग्रॅ गेले, अगदी बरोबर. 250 च्या सिरपचे 5 मिली असतील तर 250 मिग्रॅ, म्हणजे दर वेळी दुपटीच्या आसपास. ड्रॉप्सच झाकणाने 5 मिली दिले असतील तर 500 मिग्रॅ, म्हणजे एवढ्याशा जीवाला मोठ्या माणसाची अख्खी गोळी. आणि ड्रॉप्सचे पाच थेंब दिले असतील तर जेमतेम 25 मिग्रॅच्या आसपास, त्याने ताप उतरणारच नाही.

म्हणून म्हणते, अंदाज नको. ताप उतरत नाही याचं कारण डोस कमी पडतोय हे असू शकतं, तसंच डोस भरपूर जातोय पण ताप जोरात आहे हेही असू शकतं. पहिल्यात डबल केलं तरी कमीच पडेल. पण ड्रॉप्स झाकणाने जात असतील तर दोन वेळात 1000 मिग्रॅ आधीच गेलेत. त्यावर डबल म्हणजे आणखी 1000. एका दिवसात किलोमागे 200 मिग्रॅ. दिवसभराची मर्यादा किलोमागे 60 च्या आसपास धरतात, आणि 150 च्या पुढे यकृताला इजा होण्याची भीती खरी असते. एकच शब्द, 'डबल', एका घरात निरुपयोगी आणि दुसऱ्या घरात थेट दवाखान्यात नेणारा.

झाकणाचंही बघा. झाकणाच्या आत 2.5, 5, 10 अशा रेघा असतात. दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाहीत. काठोकाठ भरलं तर बऱ्याच झाकणांत 10 मिली किंवा जास्त मावतं. घरातला चहाचा चमचा तर कुठला 3 मिलीचा, कुठला 6 चा. मेडिकलमधून सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज मागून घ्या, त्याने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. ड्रॉप्स असतील तर त्याच बाटलीसोबत आलेला ड्रॉपर वापरा, दुसऱ्या बाटलीचा नको. आणि दर वेळी बाटली नीट हलवा: ही बरीच औषधं सस्पेन्शन असतात, औषध तळाशी बसतं. न हलवता देत गेलं की पहिले डोस पातळ आणि तळाचे जड जातात.

हा घोळ एकट्या आईचा नसतो, आणि इथे मी काउंटरवरच्या माझ्याच भावंडांना बोलणार. चिठ्ठीवर 'सिरप पॅरा 5 मिली' एवढंच असतं, स्ट्रेंग्थ नसते. 120 चं संपलेलं असतं, म्हणून 250 चं दिलं जातं आणि तोंडी सांगितलं जातं, 'एक झाकण, तीनदा.' चिठ्ठीत स्ट्रेंग्थ नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारायचं, वजन विचारायचं, आणि बाटलीवर पेनाने मिली लिहून द्यायचं. 'इतकं विचारत बसलं तर गिऱ्हाईक जातं' हा युक्तिवाद मला आजही पटत नाही. दोन मिनिटं लागतात. आणि डॉक्टरांनी 'मिली'च्या आधी 'मिग्रॅ' लिहिलं तर तीही लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट बघा: सर्दीचं सिरपही चालू आहे का? सर्दी-तापाच्या बऱ्याच मिश्र सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतंच. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसोबत मिसळलेलीही सिरपं मिळतात. दोन्ही बाटल्यांवर पॅरासिटामॉल दिसलं तर बेरीज करा आणि एक थांबवा. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत.

बरोबर डोस गेला तरी ताप साधारणपणे अंश-दीड अंश सेल्सिअसच उतरतो, तोही तासाभराने. 103 चा 101 झाला आणि बाळ दूध प्यायला लागलं, खेळायला लागलं, तर औषधाने काम केलं. 98 आणण्यासाठी डोस वाढवत जाऊ नका.

जास्त गेलंय असं आकड्यांवरून दिसलं तर बाळ हसतंय-खेळतंय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचं हेच फसवं आहे: पहिल्या दिवशी फार तर उलटी-मळमळ, कधी काहीच नाही, यकृताचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला चालतो. घरी उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा. दिल्लीच्या एम्समध्ये चोवीस तास चालणारं विषबाधा माहिती केंद्र आहे, तुमच्या डॉक्टरांना तिथे फोन करून सल्ला घेता येतो.

वरचे आकडे ज्याचं यकृत ठीक आहे आणि जे खात-पीत आहे अशा मुलासाठी आहेत. दोन-तीन दिवस काही पोटात नाही, सारखी उलटी-जुलाब आहेत किंवा कावीळ झालीय, तर हेच डोस जड पडू शकतात, डॉक्टरांशिवाय देऊ नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, तर औषधाचा प्रश्नच बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. मोठ्या बाळालाही झटका आला, ते उठवूनही नीट उठत नाही, श्वास ओढतंय, सहा-आठ तासांत लघवी नाही किंवा अंगावर दाबूनही न जाणारे लालसर ठिपके आलेत, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका.

एरवी बाटलीच्या लेबलचा फोटो इथे टाका. मी मिली काढून सांगते.