पाठानंतरचं चिंतन: 'काय झालं, त्याचं काय, आता काय' कसं लिहावं?

प्रश्न: बी.एड.ची इंटर्नशिप चालू आहे. प्रत्येक पाठानंतर 'काय झालं, त्याचं काय, आता काय' या साच्यात चिंतन लिहायला सांगितलंय. माझं दरवेळी 'पाठ चांगला झाला, वेळ कमी पडला, पुढच्या वेळी नियोजन करीन' इतकंच होतं. नक्की लिहायचं तरी काय?

उत्तर: छात्राध्यापकांच्या चिंतनवह्या मी नेहमी वाचते. बहुतेकांची गाडी पहिल्याच प्रश्नाला अडते. 'पाठ चांगला झाला' हे तुमचं मत आहे. काय झालं ते त्यात येत नाही, त्यामुळे पुढच्या दोन प्रश्नांना धरायला काही उरत नाही.

हे तीन प्रश्न अमेरिकेतल्या टेरी बोर्टन यांनी १९७० मध्ये शाळेच्या संदर्भात मांडले. पुढे गॅरी रॉल्फ आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांच्या शिक्षणासाठी ते वाढवले. साचा सोपा आहे, पण त्यात भरायचा माल वर्गातूनच यावा लागतो.

समजा, सहावीला तुम्ही दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवली. शेवटची पाच मिनिटं राखून फळ्यावर दोन जोड्या लिहा: ०.४५ आणि ०.६, ०.५७ आणि ०.३. मोठी संख्या कोणती ते मुलांना वहीत लिहू द्या आणि वह्या गोळा करा. आता 'काय झालं' खाली असं लिहिता येईल: 'निम्म्याहून जास्त मुलांनी ०.४५ मोठी म्हटली. त्याच मुलांची दुसरी जोडी बरोबर आली. तिघांचं उलट झालं: पहिली बरोबर, दुसरी चूक. एकीला विचारलं तर म्हणाली, पॉइंट पंचेचाळीस मोठं, कारण पंचेचाळीस सहापेक्षा जास्त.' इथे 'मुलांना समजलं नाही' असं लिहायचं नाही. मुलांनी काय लिहिलं आणि ती काय म्हणाली, एवढंच. हे त्याच दिवशी, शक्यतो पुढच्या तासाआधी टिपून ठेवा. संध्याकाळपर्यंत मुलीचे शब्द विसरतात आणि फक्त आपलं मत लक्षात राहतं.

'त्याचं काय' हा खरा कस लागणारा भाग. एकच जोडी दिली असती तर त्या तिघांना समजलं असंच वाटलं असतं. पण त्यांचा समज 'दशांश चिन्हापुढे जितके अंक कमी, तितकी संख्या मोठी' असा असणार, म्हणून पहिलं उत्तर चुकून बरोबर आलं. बाकीच्यांनी चिन्हापुढचा भाग सरळ पूर्ण संख्या धरून वाचला. म्हणजे एका वर्गात दोन वेगळ्या अडचणी आहेत. मग स्वतःच्या पाठाकडे वळा: मी उदाहरणं कोणती घेतली? रुपये-पैशांचीच घेतली असतील तर तिथे नेहमी दोनच अंक असतात आणि पैसे सुटे मोजले जातात. ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, असं वाटायला तिथूनच वाट मिळते. मी स्वतः 'पॉइंट पंचेचाळीस' असं वाचलं का? हा सगळा अंदाज आहे, म्हणून वहीत 'बहुधा' म्हणूनच लिहा. तो पडताळायला दोन-तीन मुलांशी बोलावं लागेल. साचा काही कारण शोधून देत नाही.

'आता काय' मध्ये एकच गोष्ट लिहा, आणि ती उद्याच्या टाचणात जशीच्या तशी उतरवता आली पाहिजे. पहिला मोह होईल शून्य लावून ०.६० करायला सांगण्याचा. उत्तरं लगेच बरोबर येतील, पण मुलं ६० आणि ४५ याच पूर्ण संख्या ताडून पाहतील. मूळ समज तसाच राहील. त्यापेक्षा आलेख वहीत १० बाय १० चा चौकोन आखून घ्या. ०.६ साठी सहा अख्खे उभे पट्टे रंगतात, ०.४५ साठी चार पट्टे आणि पुढच्या पट्ट्यातली पाच घरं. पट्टा दशांश, घर शतांश. संख्या वाचताना 'शून्य दशांश चिन्ह चार पाच' असंच म्हणा. आणि शेजारी हेही लिहा की उपाय फसला हे कशावरून कळेल: पट्टे बरोबर रंगवूनही चौकोनाशिवाय दिलेल्या ०.८ आणि ०.१२ या जोडीत मूल ०.१२ निवडत असेल, तर चित्र आणि संख्या अजून जोडल्या गेलेल्या नाहीत. ०.१२ आणि ०.०९ ही जोडी मात्र यासाठी चालणार नाही, कारण तिथे दोन्हीकडे अंक सारखेच आहेत आणि समज चुकीचा असला तरी उत्तर बरोबर येतं.

तुमचं 'वेळ कमी पडला' सुद्धा असंच उकलता येतं. टाचणात प्रस्तावनेला पाच मिनिटं होती आणि प्रत्यक्षात बारा लागली, तर जादा सात मिनिटं कशात गेली ते लिहा. वह्या काढण्यात गेली असतील तर उद्या तास सुरू होण्याआधी वह्या बाकावर हव्यात. पूर्वज्ञानाच्या प्रश्नांना वर्ग गप्प राहिला म्हणून गेली असतील, तर मुलांना आधीचा घटकच आलेला नाही आणि उद्याचा पाठ तिथून सुरू करावा लागेल.