पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत

"मुलगा अडीच वर्षांचा. कठड्यावर पाय टाकून कॉटमधून उतरायला लागला, म्हणून पलंगावर झोपवतो. तर रात्री चार-चार वेळा उठून आमच्याकडे येतो. त्याला समजेल अशी एखादी गोष्ट आहे का?"

तुम्ही कठड्याची कॉट बंद केलीत ते योग्यच केलंत. मूल वरून उतरू लागलं की पडण्याचा धोका असतो. आता गोष्टीचं. फोंड्याच्या एका घरात आईने स्वतःच गोष्ट रचली होती: "बाळ आता मोठा झाला, मोठी मुलं एकटी झोपतात." मुलाने ऐकलं आणि म्हणाला, "मी लहान." आई तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. मोठं होणं म्हणजे आईपासून लांब जाणं, हे त्याला बरोबर कळलं होतं. शिवाय त्या गोष्टीत मूल रात्रभर झोपतं. खऱ्या रात्री लहान मुलं मधे जागी होतातच. पूर्वी कठडा अडवायचा, आता पाय मोकळे. मग जाग आल्यावर काय करायचं, हे गोष्टीतच यायला हवं.

आम्ही मिळून नवी गोष्ट केली:

"बाबूची उशी पलंगावर गेली. बाबूची गोधडी पलंगावर गेली. मग बाबूही गेला. आईने पापा घेतला. दिवा मंद झाला. रात्री बाबूला जाग आली. अंधार होता. बाबूने गोधडी चाचपली. गोधडी इथेच आहे. आई पलीकडच्या खोलीत आहे. बाबूने डोळे मिटले. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला, पों पों! बाबू उठला आणि आईकडे धावला."

पोदेर मुद्दाम घातला. अडीच वर्षांच्या मुलाला 'सहा वाजता' कळत नाही, पण सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्याचा भोंगा कळतो. तुमच्याकडे पोदेर उशिरा येत असेल तर रोज पहाटे ऐकू येणारा दुसरा आवाज घ्या.

पहिले तीन-चार दिवस गोष्ट दुपारी, त्याच पलंगावर बसून सांगा, म्हणजे ती झोपेच्या भांडणात अडकणार नाही. गोधडी त्याला चाचपू द्या, "पों पों" त्याला म्हणू द्या. शब्द रोज तेच ठेवा. रात्री तो आला की दिवा लावू नका, समजावत बसू नका. हात धरून परत न्या आणि गोष्टीतलंच वाक्य हळू म्हणा: "गोधडी इथेच आहे. आई पलीकडच्या खोलीत आहे." त्या आईला पहिल्या रात्री हे सहा वेळा करावं लागलं. मधे एकदा तिने थकून त्याला आपल्याजवळ घेतलं, आणि पुढची रात्र पुन्हा पहिल्यासारखी गेली.

तो ताप किंवा सर्दीने बेजार असेल तेव्हा मात्र हे सगळं बाजूला ठेवा, जवळ घ्या. पलंग उंच असेल तर काही आठवडे गादी जमिनीवरच घाला, आणि कपाट भिंतीला पक्कं करा, कारण आता तो खोलीत एकटा फिरू शकतो.

दहाव्या दिवशी त्या मुलाने आईला उठवलं. बाहेर भोंगा वाजत होता.