विहीर आहे, पण दोर नाही

प्रश्न : मध्ययुगीन चर्चगायनातल्या न्यूम्सपासून स्टाफ नोटेशन कसं तयार झालं? आणि न्यूम्समध्ये नेमकं काय दाखवता येत नव्हतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून कळलं नाही, वीस जणांसमोर फजिती होऊन कळलं. त्यामुळे सुरुवात तिथूनच करते. न्यूम्स म्हणजे शब्दांवर काढलेल्या चालीच्या खुणा, आणि स्टाफ नोटेशन म्हणजे रेघांवर लिहिलेले स्वर.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं झुरिकजवळ राहत होतो. तिथे ग्रेगोरियन चांट, म्हणजे चर्चमधलं जुनं लॅटिन गायन, गाणाऱ्या एका हौशी गटात मी जायचे. गटाचे प्रमुख निवृत्त संगीतशिक्षक होते. आम्ही ‘ग्रादुआले त्रिप्लेक्स’वरून गायचो. हे १९७९ साली निघालेलं पुस्तक आहे. मधे चार रेघांवर चौकोनी स्वर, त्यांच्या वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाँच्या हस्तलिखितातले न्यूम्स आणि खाली लाल शाईत स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन मठाच्या परंपरेतले. म्हणजे एकच गाणं तीन लिप्यांत. बाकी सगळे मधल्या ओळीवर बोट ठेवून गायचे. मला खालच्या लाल खुणांचं वेड लागलं होतं आणि मी ते बोलून दाखवायचे. जरा जास्तच बोलून दाखवायचे, हे आता कबूल करते.

नाताळच्या मिस्साचं प्रवेशगीत ‘पुएर नातुस एस्त’ बसवत होतो. एका संध्याकाळी सरांनी माझ्या हातात एक झेरॉक्स दिली. आइनसिडेल्नच्या मठातल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखिताचं पान होतं, पण गाणं वेगळंच, मी कधीही न ऐकलेलं. रेघ एकही नाही. लॅटिन शब्द आणि त्यांच्यावर माशीच्या पायांसारख्या बारीक खुणा. “तुम्हाला ह्या खुणा एवढ्या आवडतात ना? मग ह्यावरून गा.”

मी गायले. पहिली खूण पेस होती, खालून सुरू होऊन वर जाणारी. पेस म्हणजे एका अक्षरावर दोन स्वर, दुसरा पहिल्यापेक्षा उंच, एवढं मला पाठ होतं. मी सा वरून रे ला गेले. सर पियानोजवळ गेले आणि त्यांनी मूळ चाल वाजवली. ती पहिल्याच अक्षरावर मोठी उडी मारत होती. लोक हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले.

तर न्यूम्सना काय दाखवता येत नव्हतं, ते हे. स्वर वर गेला की खाली, एका अक्षरावर किती स्वर आले, हे न्यूम सांगतो. किती वर गेला, ते सांगत नाही. ‘पुएर नातुस’चंच बघा. ‘पु’ वर पेस आहे आणि तिथे आवाज सा वरून थेट प वर जातो. ‘उत क्वेआंत लाक्सिस’ ह्या स्तोत्रात ‘ला’ वरही दोन चढते स्वर आहेत, पण तिथे आवाज रे वरून फक्त ग वर जातो. सेंट गॅलनच्या लेखनिकाने दोन्ही ठिकाणी पेसच काढला असता. सुरुवात कोणत्या स्वरावर करायची हेही त्या पानावर नसतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे अर्धस्वर कुठे पडतो ते कळत नाही. एक अर्धस्वर इकडचा तिकडे झाला की त्या सुरावटीचा मोड बदलतो, आपल्याकडे कोमल-शुद्ध ग ची अदलाबदल झाली तर राग जसा हातचा जातो तसं.

मग हे लोक मूर्ख होते का? अजिबात नाही. त्यांना ते दाखवायचंच नव्हतं. वर्षभराचा सगळा गायनसंग्रह त्यांना तोंडपाठ असायचा, आणि तो पाठ होईपर्यंत आयुष्याची दहा वर्षं जायची. चाल डोक्यात असलेल्या माणसाला ‘इथे दोनच स्वर, इथे जरा थांब, इथे पळ’ एवढी आठवण पुरते. मी सरांच्या परीक्षेत नापास झाले ते ह्याच कारणाने. मला ते गाणं येत नव्हतं, आणि न येणाऱ्या माणसासाठी ते पान लिहिलेलंच नव्हतं. हे उत्तर मला त्या क्षणी सुचलं नाही, घरी येताना ट्रेनमध्ये सुचलं. नेहमीचंच आहे.

आता रेघा कशा आल्या ते. एकदम आल्या नाहीत. दक्षिण फ्रान्समध्ये, आक्वितानियात, लेखनिक खुणा जोडून काढण्याऐवजी सुटे ठिपके काढू लागले आणि उंच स्वराचा ठिपका उंच, खालचा खाली असं मोजून ठेवू लागले. मोजायला काहीतरी आधार हवा, म्हणून चामड्यावर टोकदार हत्याराने एक कोरडी रेघ ओरखडायची. शाईची नाही, नुसता ओरखडा. हस्तलिखित तिरकं धरून उजेडात बघितलं तरच दिसते. माझ्या मते खरा शोध ह्या ओरखड्याचा आहे. पुढचं सगळं त्याच्यावर चढलेलं आहे.

पुढचं पाऊल ग्विदो द’आरेत्सोचं. अकराव्या शतकाचा पूर्वार्ध, इटली. आधी पोंपोझाच्या मठात होता, तिथल्या मठबंधूंशी पटलं नाही, मग आरेत्सोच्या बिशपकडे गेला. (पटलं नाही, हे मला फार आवडतं.) त्याची तक्रार साधी होती. गायक आयुष्यभर शिकतात आणि तरी एक साधं अँटिफन, म्हणजे चर्चमधलं छोटं गाणं, स्वतःच्या जिवावर गाऊ शकत नाहीत. रेघ-अक्षराशिवायच्या न्यूम्सबद्दल तो म्हणतो की ही दोर नसलेली विहीर आहे, पाणी भरपूर, पण बघणाऱ्याला काय उपयोग. सरांच्या झेरॉक्सवर मी नेमकी अशीच वाकून बघत होते.

त्याने रेघा वाढवल्या आणि रेघा व मधल्या जागा दोन्ही वापरल्या, म्हणजे शेजारच्या दोन रेघांत तीन स्वरांचं अंतर बसलं. पण खरी गंमत रंगांची. एफ ची रेघ लाल, सी ची पिवळी. हेच दोन स्वर का? कारण त्या दोघांच्या लगेच खाली अर्धस्वर आहे. ई-एफ आणि बी-सी. लाल किंवा पिवळी रेघ दिसली की गायकाला कळायचं, इथून एक पायरी खाली उतरताना पाऊल छोटं टाकायचं. मोड बिघडायची जी भीती वर सांगितली, तिच्यावर हा थेट उपाय होता. पुढे रंग गेले आणि रेघेच्या सुरुवातीला सी आणि एफ ही अक्षरं राहिली. तीच झिजून आजच्या सी आणि एफ क्लेफ, म्हणजे कोणती रेघ कोणत्या स्वराची ते सांगणाऱ्या खुणा, झाल्या. पोप जॉन एकोणिसावा ग्विदोला भेटला तेव्हा त्याने स्वतः, कधी न ऐकलेली एक ओळ ग्विदोच्या रेघांच्या पुस्तकावरून गाऊन बघितली, असं ग्विदोच आपल्या पत्रात लिहितो. दहा वर्षांचं काम एका वर्षात, फार तर दोन वर्षांत होतं, हाही त्याचाच दावा. त्यानंतर रुंद टाकाच्या लेखणीने खुणा चौकोनी होत गेल्या आणि तेराव्या शतकापर्यंत चार रेघांवरची चौकोनी लिपी रुळली. सेंट गॅलनचे लोक मात्र नंतरही कितीतरी काळ बिनरेघांचंच लिहीत राहिले. त्यांना कुठे घाई होती.

इथपर्यंत सर बरोबर होते. आता माझा मुद्दा.

क्लिविस म्हणजे पेसच्या उलट, दोन उतरते स्वर. सेंट गॅलनच्या लिपीत वर जाऊन खाली वळलेला आकडा. त्या आकड्यावर लेखनिक कधी छोटा c काढतो, म्हणजे भरकन म्हण. कधी त्याच आकड्याच्या डोक्यावर आडवी दांडी देतो, म्हणजे रेंगाळ. हे दोन क्लिविस रेघांवर उतरवले की काय होतं? दोन चौकोन आणि दोन चौकोन. अगदी सारखे. c गेला, दांडी गेली. दोरीने पाण्याऐवजी रिकामी बादली वर आली असं नाही म्हणणार मी, पण बादलीला भोक होतं हे नक्की.

तसंच क्विलिस्माचं. चढताना मधे येणारी दातेरी खूण, बहुधा आवाजाची थरथर. आणि विरघळणारे न्यूम्स, जिथे ल, म, न, र अशा व्यंजनावर स्वर तोंडातच मिटत जातो. ‘सांज’ म्हणताना अनुस्वारावर आवाज नाकात शिरतो ना, तसं काहीतरी. ह्याबद्दल तर ग्विदोच लिहितो की न विरघळवता भरल्या आवाजात गायलात तरी काही बिघडत नाही, उलट बऱ्याचदा जास्त आवडतं. ज्याने रेघा पक्क्या केल्या त्याने स्वतःच मुभा देऊन टाकली. मग ती खूण जपणार कोण?

पुढच्या तालमीला मी त्या हिवाळ्यात बसवत असलेल्या गाण्यांतले असे दोन क्लिविस शोधून नेले, एक c चा, एक दांडीचा. सरांना दाखवले. ते म्हणाले, “पुस्तकात दोन्ही ठिकाणी दोन सारखे स्वर आहेत. सारखेच गायचे.” मी म्हटलं, पुस्तकात लाल शाईही आहे. ते म्हणाले, लाल शाई अभ्यासकांसाठी, आपल्याला पंचवीस तारखेला गायचंय. आणि सगळे स्वर एका मापाचे, टिकटिक घड्याळासारखे गायलो आम्ही. माझं अजूनही मत आहे की ते चुकीचं होतं. स्टाफने उंची पक्की केली म्हणून तो न्यूम्सच्या ‘पुढचा टप्पा’ ठरत नाही. एक गोष्ट मिळवताना दुसरी सोडून दिलेली लिपी आहे ती. तुमच्या मास्तरांनी ‘रेघांवर आहे तेवढंच गा’ म्हटलं तर खुशाल वाद घाला.

फक्त एक सांगायला हवं. c म्हणजे किती भरकन, ह्याचं माप कुठेच नाही. अभ्यासक ह्यावर शंभरहून जास्त वर्षं भांडताहेत आणि सेंट गॅलनच्या खुणांवरून लाँचा किंवा आक्वितानियाचा अर्थ लावणंही धोक्याचं आहे. सर ह्यातलं बरंचसं जाणून होते. म्हणून कदाचित ते वादात पडले नसतील.

स्वतः बघायचं असेल तर e-codices ह्या साइटवर आइनसिडेल्नचं Codex 121(1151) मोफत दिसतं. ‘पुएर नातुस’ ची चाल आधी कुठेतरी चार-पाच वेळा ऐका आणि मगच ते पान उघडा. माझी ती झेरॉक्स अजून आहे. पहिल्या पेसखाली मी त्याच रात्री ट्रेनमध्ये पेन्सिलीने सरगम लिहून ठेवली होती.