मायक्रोसॉफ्ट खातं बंद करण्याआधी

घाई करू नकोस. विकत घेतलेलं ऑफिस २०२१ त्या खात्यालाच बांधलेलं असतं. त्याची एकदा वापरलेली प्रॉडक्ट की नव्या खात्यावर पुन्हा चालत नाही. म्हणजे खातं गेलं की ऑफिसही गेलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चालू असेल तर ते आधी स्वतः रद्द कर. वनड्राइव्हमधल्या फाइली ‘फक्त ऑनलाइन’ नाहीत ना ते बघ, ढगाचं चिन्ह दिसलं तर उतरवून घे.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की. ४८ अंकांची ही की बहुतेकदा त्याच खात्यात असते. aka.ms/myrecoverykey वर जाऊन ती कागदावर लिही. नाहीतर उद्या लॅपटॉपने ती मागितली तर डिस्क उघडणारच नाही. बंद करताना ३० किंवा ६० दिवसांची मुदत निवडता येते. ६० च घे, तेवढ्यात लॉग-इन केलंस तर खातं परत मिळतं.